पाणी समितीतून बाहेर पडताना

प्रश्न : मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची अध्यक्ष आहे. सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही सगळे नाशिकला राहायला जातोय. समितीच्या बँक खात्यावर सचिवांबरोबर माझी सही आहे. सरपंच म्हणतात, "ताई, राजीनामा कशाला, नावापुरत्या राहा, चेकवर सह्या करून ठेवा म्हणजे झालं." भांडण काही नाही, कुणाला दुखवायचंही नाही. राजीनामा कुणाकडे द्यायचा, त्यात काय लिहायचं आणि चार्ज कसा द्यायचा?

उत्तर :

ताई, आधी एक सांगतो. कोऱ्या चेकवर सही करू नका. एकाही नाही. सरपंचांच्या मनात वाईट काही नसेल, बहुधा नसतंच. तरीही नको.

मी ग्रामसेवक म्हणून लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या सुरुवातीच्या एका गावात असंच झालं होतं. पाणी समितीचे अध्यक्ष मुलाकडे मुंबईला निघाले. माणूस सज्जन. "भाऊसाहेब, तुमची अडचण नको" म्हणत पाच कोऱ्या चेकवर सह्या करून गेले. ते चेक कपाटात ठेवून घेणारा सचिव मीच होतो, त्यामुळे चूक निम्मी माझी. पुढे ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली. मी रजेवर होतो. माझ्या जागी आलेल्यांनी त्यातले दोन चेक वापरून मोटार भरून आणली. मोटार खरंच दुरुस्त झाली, गावाला पाणी आलं, पैसे कुणी खाल्ले नाहीत. पण घाईत एका बिलाचं प्रमाणक दप्तराला लागलंच नाही. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला. चेकवर सही त्यांची, आणि त्या तारखेला ते गावात नव्हते हे सगळ्या गावाला माहीत. त्या वयात त्यांना तीन वेळा खुलासा द्यायला यावं लागलं. दुकानदाराकडून बिलाची दुसरी प्रत मिळाली म्हणून प्रकरण मिटलं, पण ते माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखे बोलले नाहीत.

तेव्हा "नावापुरत्या राहा" याचा कागदावरचा अर्थ ध्यानात घ्या. नाव तुमचं, सही तुमची, जबाबदारी तुमची, आणि काय चाललंय ते मात्र तुम्हाला दिसत नाही.

आता हे सरपंचांना सांगायचं कसं? पत्र पाठवून नाही. आधी त्यांच्या घरी जा, शक्यतो सकाळी, गर्दी व्हायच्या आत. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. त्यांची खरी अडचण ऐंशी टक्के वेळा अशी असते की नवीन अध्यक्ष निवडायचा म्हटला की गावात दोन गट उभे राहतात, आणि तेवढ्यात मोटारीचं बिल थकलं तर पाणी बंद पडतं. म्हणून जाताना उत्तर घेऊनच जा. म्हणा, "दादा, मी उद्याच्या उद्या सोडत नाही. येत्या ग्रामसभेपर्यंत आहे. देण्याची बिलं आहेत ती रीतसर मंजूर करून माझ्यासमोर द्या, मी सही करते. पण त्या तारखेनंतर माझी सही खात्यावर नको, तुमच्याच सोयीसाठी." हे 'तुमच्याच सोयीसाठी' नुसतं गोड बोलणं नाही. सही करणारी बाई नाशिकला असेल तर मोटार जळल्यावर चेक निघणार कसा, हे त्यांनाही पटतं.

राजीनामा कुणाकडे द्यायचा याचा माझा साधा नियम असा, की ज्या वाटेने आलात त्याच वाटेने बाहेर पडायचं. ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुकात तुमच्या निवडीचा ठराव काढा. त्याची तारीख आणि क्रमांक लिहून घ्या. निवड ग्रामसभेत झाली असेल तर राजीनाम्याची नोंद आणि नवीन निवडही ग्रामसभेतच व्हायला हवी. पत्र सरपंचांच्या नावे, प्रत समितीच्या सचिवांना. ग्रामसभा लांब असेल तर राजीनामा आधी मासिक सभेसमोर ठेवायला सांगा आणि मधल्या काळात खात्यावर कुणाची सही चालेल याचाही ठराव तिथेच घ्यायला लावा. हा दुसरा भाग लोक विसरतात. मग राजीनामा मंजूर झालेला असतो आणि बँकेत मात्र सही जुन्याच अध्यक्षांची चालू राहते.

पत्र छोटं ठेवा. मी बऱ्याच जणांना जे लिहून देत आलो ते असं :

> प्रति,
> मा. सरपंच, ग्रामपंचायत ……, ता. ……, जि. ……
>
> विषय : ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा.
>
> महोदय,
> ग्रामसभा दि. …… ठराव क्र. …… अन्वये माझी वरील समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली होती. कौटुंबिक कारणामुळे गावाबाहेर राहण्यास जात असल्याने मी या समितीच्या अध्यक्षपदाचा व सदस्यत्वाचा दि. …… पासून राजीनामा देत आहे. समितीचे दप्तर, साहित्य व बँकेची कागदपत्रे त्या तारखेपर्यंत यादीसह सुपूर्द करीन. समितीच्या बँक खात्यावरील माझी सही त्याच तारखेपासून रद्द करण्याबाबत बँकेस कळवावे, ही विनंती.
> आपण, सचिव, समिती सदस्य व ग्रामस्थ यांनी केलेल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे.
>
> आपली,
> (सही, नाव, दिनांक)
>
> प्रत : सचिव, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.

यातले दोनतीन शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. 'राजीनामा देत आहे' असंच लिहा. 'राजीनामा देऊ इच्छिते' लिहिलंत तर ती नुसती इच्छा झाली, आणि इच्छा फायलीत वर्षभर पडून राहू शकते. 'मंजूर होईपर्यंत काम पाहीन' हे वाक्य सभ्य दिसतं, पण त्यात तारीख समोरच्याच्या हातात जाते. त्यापेक्षा स्वतःच महिना-सव्वा महिन्यापुढची ठाम तारीख द्या, ग्रामसभेनंतर आठ दिवसांची असली तर उत्तम. कारण एवढंच पुरे : 'कौटुंबिक'. सासूबाईंचा आजार, डॉक्टर, नाशिकचा पत्ता, यातलं काही प्रोसिडिंगमध्ये जायची गरज नाही. ते वाचून दाखवलं जातं. आणि कुणाबद्दल तक्रार असेलच तर ती वेगळ्या पत्रात वेगळ्या दिवशी करा. राजीनाम्यात तक्रार मिसळली की लोक राजीनामा विसरतात आणि तक्रारीवर बोलत बसतात.

आणखी एक. तुम्ही निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यही असाल तर पत्रात स्पष्ट लिहा की राजीनामा फक्त समितीचा आहे, ग्रामपंचायत सदस्यत्व कायम आहे. नाहीतर निसटत्या बहुमताच्या पंचायतीत 'सर्व पदांचा राजीनामा' अशा मोघम वाक्याचा सोयीस्कर अर्थ काढणारे निघतात. सदस्यत्व सोडायचं असेल तर तो मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे सदस्याने सरपंचाकडे लेखी राजीनामा द्यायचा, तो पंचायतीच्या पुढच्या सभेसमोर येतो, आणि राजीनामा खरा नाही असं त्या सदस्याचं म्हणणं असेल तर सभेपासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. वाद नसेल तर ते सात दिवस संपल्यावर राजीनामा अमलात येतो. समितीच्या पदाला हे कलम लागू करू नका आणि सदस्यत्वाला समितीचं पत्र पुरेसं समजू नका.

पत्र दिल्यावर आवक नोंदवहीत नोंद करून घ्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. "ठेवा टेबलावर, बघतो" यावर निघून यायचं नाही. हसत हसत म्हणायचं, "भाऊसाहेब, एवढा क्रमांक टाकून द्या, मी थांबते." अगदीच टाळाटाळ झाली तर पोच मिळेल अशा टपालाने पाठवा.

चार्जमध्ये सगळ्यात आधी पैसे. हातात रोख शून्य करूनच चार्ज द्या. पाणीपट्टीची जमलेली रक्कम आदल्या दिवशी बँकेत भरा. मग रोकडवही आणि पासबुक जुळवा. एक उदाहरण घेऊ. समजा, रोकडवहीत बँकेची शिल्लक ६८,४२० रुपये आहे आणि पासबुकात ८१,९२० दिसतात. फरक १३,५०० चा. नवीन अध्यक्ष म्हणतील, वा, पैसे जास्तच आहेत! जास्त नाहीत. चेकबुकाची अर्धुकं पाहिली तर दोन चेक दिलेले पण अजून न वटलेले निघतात, मोटार दुरुस्तीचा ९,००० चा आणि पाइपवाल्याचा ४,५०० चा. बेरीज १३,५००. हिशेब जुळला. हे दोन चेक क्रमांकासह चार्ज यादीत लिहा. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. तेवढ्यात वटले नाहीत तर नवीन सहीने नवे चेक द्यावे लागतील, आणि तेव्हा 'हा खर्च कसला' म्हणून तुम्हाला नाशिकला फोन येईल. यादीत लिहिलेलं असेल तर येणार नाही.

चेकबुकातले उरलेले कोरे चेक क्रमांकाने मोजून द्या, 'पासून' आणि 'पर्यंत'. पावती पुस्तकांचंही तसंच. अर्धवट वापरलेलं पुस्तक असेल तर 'पुस्तकातील पावती ६३ पर्यंत वापरली, ६४ ते १०० कोऱ्या' असं लिहा. कोरी पावती म्हणजे कोरा चेकच, फक्त त्याकडे कुणी तसं बघत नाही.

पैशानंतर साठा, आणि साठ्यात टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर. हे मुद्दाम सांगतो, कारण जलसुरक्षकाचं काम कसं चाललंय ते इथेच उघडं पडतं. आपलं प्रमाण हजार लिटरला पाच ग्रॅम. टाकी ५०,००० लिटरची आणि रोज एकदा भरत असेल तर दिवसाला अडीचशे ग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी २५ किलोच्या दोन गोण्या आल्या, म्हणजे ५० किलो. साठ दिवसांत १५ किलो जायला हवी, ३५ उरायला हवी. वहीत ३५ च लिहिलेली असते, कारण वही घरी बसून भरता येते. तुम्ही मात्र गोण्या काट्यावर ठेवा. काट्याने ४० दाखवली तर वीस दिवस पाण्यात पावडर पडलेली नाही. हे भांडणाचं कारण करू नका, पण यादीत प्रत्यक्ष वजन लिहा आणि नवीन अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगा. पावडर जुनी, ओलसर, गोळे झालेली असेल तर तेही लिहा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते, ती किलोने मोजून उपयोग नाही. नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट घेऊन बघा, तिथे किमान ०.२ पीपीएम क्लोरीन दिसायला हवं. चार्जच्या दिवशी ही चाचणी दोघींनी मिळून केली तर नवीन बाईंना पाण्याचा आजचा ताळा कळतो.

बाकी साहित्याची यादी सरळ असते : स्टार्टरच्या खोलीच्या चाव्या, वॉल्व्हची लांब दांड्याची चावी, सुटे स्पेअर, जुन्या मोटारीचं गॅरंटी कार्ड, वीजबिलांची फाइल, नळजोडणीधारकांची यादी, थकबाकी यादी. पण एक कागद लोक हमखास विसरतात. विहीर किंवा बोअर कुणाच्या खासगी जागेत असेल, किंवा पाइपलाइन कुणाच्या बांधावरून गेली असेल, तर त्याचं संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र. मूळ कागद कुठे आहे? ग्रामपंचायतीच्या कपाटात की तुमच्या घरच्या ट्रंकेत? घरी असेल तर आजच शोधा. दहा वर्षांनी त्या जागेच्या वाटण्या होतात आणि पुतण्या म्हणतो, माझ्या रानात पाइप कुणाच्या परवानगीने? तेव्हा सगळं गाव तो कागद शोधतं.

मग जे कुठेच लिहिलेलं नाही ते. यासाठी एक वेगळं पान करा, चार्ज यादीला न जोडता, नवीन अध्यक्षांच्या हातात द्यायचं. पाणी सोडणाऱ्याबरोबर एक पहाट दोघी फिरा. वरच्या आळीचा वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, दोन आटे राहतातच, म्हणून खालच्या आळीला पाणी सोडायच्या आधी तो हाताने दाबून फिरवावा लागतो, हे कुठल्या रजिस्टरात नसतं. कुणाला पाण्याची दहा मिनिटं वाढवून देण्याचा शब्द तुम्ही दिला होता, कुणाची पाणीपट्टी नवरा वारल्यापासून तुम्ही मागितली नाही, हे सांगा. अशी तोंडी सवलत पुढे न्यायची तर नवीन समितीला ठराव करून न्यावी लागेल. तुम्ही गप्प राहिलात तर ती विधवा बाई थकबाकीच्या यादीत दिसेल आणि नवीन अध्यक्ष तिच्या नळावर जाऊन उभ्या राहतील.

चार्ज यादीच्या तीन प्रती करा. देणार, घेणार आणि सचिव, तिघांच्या सह्या प्रत्येक पानावर, फक्त शेवटच्या पानावर नव्हे. एक प्रत दप्तराला, एक नवीन अध्यक्षांना, एक तुमच्याकडे. तुमची प्रत जपून ठेवा. लेखापरीक्षण बरेचदा वर्ष-दोन वर्षं उशिराने होतं, आणि तेव्हा 'हा खर्च माझ्या काळातला नाही' हे सिद्ध करायला तुमच्याकडे तीच असते.

शेवटच्या आठवड्यात एक गोष्ट होण्याची शक्यता असते, तयार राहा. कामाचा कंत्राटदार येतो. "ताई, तुम्ही चाललाच आहात, तर एवढ्या योजना हस्तांतरणाच्या कागदावर सही द्या, काम तर तुमच्याच काळात झालं." काम झालं असेल, पण टाकी गळते का, सगळ्या नळांना पाणी पोचतं का, हे त्या आठवड्यात तपासून होत नाही. सांगा, "हे नव्या समितीसमोर ठेवा, मी त्यांना माझ्याकडची माहिती देईन." यात कुणाचा अपमान होत नाही. कागद तुमच्यानंतरही सही होऊ शकतो, फक्त सही करणाऱ्याला टाकी बघून करता येते.

बँकेत स्वतः जाऊन या. सही बदलायला ठरावाची साक्षांकित प्रत, नवीन सहीदाराची ओळखपत्रं आणि नमुना सही लागते. ते काम सचिव आणि नवीन अध्यक्षांचं, पण तुम्ही त्याच दिवशी तुमच्या सहीच्या अर्जाने कळवा की अमुक तारखेपासून तुमची सही धरू नये, आणि त्या अर्जावर पोच घ्या. खात्याला तुमचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो बदलण्याचं त्याच अर्जात लिहा. मोटारीच्या वीजजोडणीला कुणाचा नंबर आहे तेही बघा. बऱ्याच गावांत तो अध्यक्षांचा असतो, आणि महावितरणचा बिलाचा एसएमएस त्याच फोनवर येतो. तुम्ही नाशिकला, एसएमएस नाशिकला, आणि गावात वीज तोडली जाते ती बिल भरलं नाही म्हणून नाही, तर बिल आलं हेच कुणाला कळलं नाही म्हणून.

पाण्याच्या वेळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुम्ही चालवत असाल तर नवीन अध्यक्षांना अॅडमिन करा, दोन ओळींत त्यांचं नाव सांगा, आणि बाहेर पडा. ग्रुपमध्ये राहिलात तर पाणी उशिरा आलं की लोक तुम्हालाच टॅग करतील, तुम्ही चांगुलपणाने उत्तर द्याल, आणि नवीन बाई कायम नवीनच राहतील. फोनवर मदत जरूर करा, पण त्यांनाच, महिनाभर, ठरवलेल्या वेळी.

मग तीन महिन्यांनी एकदा सचिवांना फोन करून विचारा, चार्ज यादीत लिहिलेले न वटलेले चेक वटले का, आणि बँकेत नवीन सही चढली का. तोवर तुमच्या फोनवर मोटारीच्या बिलाचा एसएमएस येत असेल तर नंबर बदललेला नाही. तेवढं त्यांच्याकडून करून घ्या.